भीड पुण्यात ठेवून जायचं होतंस

चिरंजीव,

तुझी लांबलचक ईमेल वाचली. श्टुटगार्टची माणसं थंड आहेत, तोंडावर बोलतात, टीम लीडनं सगळ्यांदेखत तुझा पाणउतारा केला, वाढदिवसाला कुणी साधा केकही आणला नाही आणि रात्री आठ-आठपर्यंत राबूनही तुझी कुणाला किंमत नाही. एवढं रडगाणं गायल्यावर शेवटी मलाच विचारतोस, ‘बाई, मी परत येऊ का?’ यायचं तर ये, विमानं रोज सुटतात. पण इथं येऊन सगळ्यांना ‘जर्मन लोक वाईट’ असं सांगत फिरणार असशील, तर आधी माझं ऐकून घे. तू माझ्या वर्गात जर्मन शिकलास, बी-वन चांगल्या गुणांनी पास झालास आणि माझ्याच शिफारसपत्रावर पुढं गेलास. तेव्हा तुझा कान धरायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी तो गुरुवार घेऊ, कारण खरं दुखणं तिथं आहे. तूच लिहिलंयस ते तुझ्यापुढं मांडते. सोमवारच्या बैठकीत टीम लीडनं विचारलं, पंपाच्या चाचणीचा अहवाल गुरुवारी सकाळी नऊपर्यंत होईल का? दहाला ग्राहकाची माणसं येणार होती. प्रेशर सेन्सर कॅलिब्रेशनला गेलाय आणि बुधवारी दुपारशिवाय परत येत नाही, हे तुला त्या क्षणी ठाऊक होतं. चाचणीला दीड दिवस लागतो हेही ठाऊक होतं. म्हणजे चाचणी संपणार गुरुवारी संध्याकाळी आणि अहवाल होणार शुक्रवारी. हा हिशेब चौथीतलं पोरही करेल. तू काय म्हणालास? ‘येस, आय विल ट्राय.’ मंगळवारी तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. बुधवारी संध्याकाळी तिनं विचारलं, कुठवर आलंय? तू उत्तर धाडलंस, ‘ऑलमोस्ट डन.’ आणि गुरुवारी नऊ वाजता तिच्या हातात जो अहवाल पडला त्यात दाबाचा रकाना कोरा होता.

तेव्हा ती म्हणाली, ‘हे असं चालणार नाही. सोमवारी सांगितलं असतंस तर मी ग्राहकाची वेळ बदलली असती.’ दोन वाक्यं. आवाज चढला नाही, तुझ्या शिक्षणाचा, देशाचा, अकलेचा उद्धार झाला नाही. याला तू पाणउतारा म्हणतोस? अरे, मी तुला वर्गात याच्या दसपट बोलले आहे आणि तू खाली मान घालून ऐकलंयस.

तुझ्या डोक्यात काय झालं ते मी सांगते. पुण्याच्या ऑफिसात साहेबाला ‘करतो प्रयत्न’ म्हटलं की साहेब समजतो. तो तुझा चेहरा बघतो, आवाज ऐकतो आणि मनातल्या मनात दोन दिवस धरून चालतो. मग मंगळवारी सकाळी तोच फोन करतो, ‘काय रे, सेन्सर आला का?’ दुपारी परत करतो. वेळ पडली तर कॅलिब्रेशनवाल्याला स्वतः झापतो. आपल्याकडं ‘हो’ म्हणणाऱ्यामागं पाठपुरावा करणारं आख्खं बिऱ्हाड असतं, म्हणून आपलं भिडेखातरचं ‘हो’ खपून जातं. तिथं ते बिऱ्हाड नाही. तू जाणता माणूस आहेस, तुझं काम तुला माहीत आहे, असं ती धरून चालते आणि म्हणून विचारत बसत नाही. मध्येमध्ये येऊन टोचणं हा तिला तुझ्यावरचा अविश्वास वाटेल. तू ‘हो’ म्हणालास आणि तिनं ते जसंच्या तसं नियोजनात घातलं: ग्राहकाला वेळ कळवली, खोली राखून ठेवली, दुसऱ्या एकाला सादरीकरण करायला बसवलं.

आणि त्या बैठकीचं टिपण तुलाही आलं असणार. तिथं बैठक झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रोटोकॉल येतो: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तू तो उघडलास का? उघडला असतास तर तुझ्या नावापुढं गुरुवार लिहिलेला दिसला असता, आणि ‘ट्राय’ हा शब्द त्या तक्त्यात कुठंच दिसला नसता. ती चूक दुरुस्त करायला तुझ्याकडं सबंध मंगळवार होता. प्रोटोकॉलात काही गैर लिहिलं असेल तर ताबडतोब कळवायचं असतं. गप्प बसलास म्हणजे मान्य केलंस.

सोमवारी काय म्हणायचं होतं? ‘गुरुवारपर्यंत होणार नाही.’ बस. जर्मनमध्ये पाठ केलेलं वाक्य आहे तुझं, ‘दास शाफऽ इश निश्ट बिस डॉनर्सटाग.’ वर्गात ते खणखणीत म्हणायचास. त्याच्या पाठोपाठ कारण: सेन्सर बुधवारी येतोय. मग खरी तारीख: शुक्रवारी दुपारी बाराला देतो. आणि मग मधला मार्ग: गुरुवारी तापमान आणि प्रवाहाचे आकडे तयार असतील, तेवढे ग्राहकाला दाखवता येतील. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. यावर खोलीत कुणाची भुवईसुद्धा हलली नसती. तिनं कदाचित विचारलं असतं, शेजारच्या बेंचवरचा सेन्सर वापरता येईल का? कुणी सांगावं, आलाही असता वापरता. पण तो प्रश्न फक्त सोमवारीच विचारता येत होता. बुधवारी संध्याकाळी त्याचा काही उपयोग नव्हता आणि गुरुवारी नऊला तर नाहीच नाही.

भीड भिकेची बहीण, हे आपलेच लोक सांगून गेलेत. तू तिला वाईट वाटू नये म्हणून ‘हो’ म्हणालास आणि गुरुवारी तिला ग्राहकासमोर तोंडघशी पाडलंस. यात नम्रता कुठं आली? तुला नकार द्यायची लाज वाटत होती, त्या लाजेची किंमत तिनं मोजली.

पुढं अशी वेळ आलीच, म्हणजे तारीख ठरल्यावर मध्येच काही अडलं, तर ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी कळवायचं, आदल्या संध्याकाळी नाही. ईमेलच्या विषयाच्या ओळीतच लिहायचं: पंपाचा अहवाल, गुरुवारऐवजी शुक्रवारी बारा. खाली कारण एका ओळीत आणि तिच्याकडून काय हवंय ते एका ओळीत. ‘होप यू आर डुइंग वेल’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ हे दोन्ही गाळ. नऊ ओळींच्या नमनानंतर दहाव्या ओळीत वाईट बातमी दडवायची तुझी सवय मला निबंधापासून माहीत आहे.

आता त्या दुपारी काय झालं? बारा वाजता तीच तुझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘जेवायला येतोस?’ आणि तू म्हणालास, ‘भूक नाही.’ रुसून बसलास! काम चुकलं ते तिनं कामाबद्दल बोलून दाखवलं आणि तिच्यापुरता तो विषय नऊ वाजून पाच मिनिटांनी संपला. कँटीनला बोलावताना तिच्या मनात काही नव्हतं. तू मात्र दुपारभर तोंड फुगवून बसलास आणि तिला आता वाटत असणार की, या मुलाला काम कमी जमतं आणि बोललेलं त्याहून कमी सोसतं. हे दुसरं तिला जास्त खटकेल.

कौतुकाची वाट बघतोयस असंही दिसतं तुझ्या पत्रावरून. बघत बस. तू श्वाबन प्रांतात आहेस, तिथं म्हणच आहे की शिव्या पडल्या नाहीत म्हणजे भरपूर कौतुक झालं. काम दिल्यावर कुणी ‘पास्ट’ म्हणालं, म्हणजे ठीक बसतंय असं म्हणालं, तर त्या दिवशी घरी जाऊन गोडधोड कर. हाच तू कोलोनला गेला असतास तर माणसं जरा बोलकी, हसरी भेटली असती आणि बर्लिनच्या एखाद्या नव्या कंपनीत सगळे पहिल्या दिवसापासून एकेरीत आणि निम्म्या इंग्रजीत बोलले असते. पण तू गेलास यंत्रांच्या गावात, जुन्या यंत्रवाल्यांत. तिथलं माप तिथलंच लागणार.

पत्रात तू एक ओळ घाईनं लिहून पुढं सटकलास, ती मी सोडलेली नाही. ‘मीही आता त्यांच्यासारखाच बोलतो’ म्हणून तू त्या वयस्कर तंत्रज्ञाला सगळ्यांसमोर सांगितलंस, ‘तुमचं वायरिंग चूक आहे’, आणि तेव्हापासून तो तुझ्याशी कामापुरतं बोलतो. म्हणजे शिकलास तेही अर्धवट. त्यांचं स्पष्ट बोलणं कामाला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. ‘तीन नंबरच्या टर्मिनलवर मला शून्य व्होल्ट मिळतंय, तिथली जोडणी आपण एकदा बघू या का?’ असं म्हणायचं असतं. पुरावा आधी, प्रश्न नंतर, आणि ‘तुमचं’ हा शब्द नाही. त्यासाठीच मी तुम्हाला महिनाभर कोन्युंक्टिव्ह घोकून घेतला होता, ‘क्योन्टन वीर’ म्हणून. तू तेव्हा विचारलं होतंस, बाई, याचा व्यवहारात उपयोग काय? हा उपयोग. उद्या त्या माणसाकडं जाऊन सरळ सांग की त्या दिवशी माझं बोलणं बरोबर नव्हतं. एक वाक्य. मग कामाचं बोल. पाया पडत बसू नकोस, तो अवघडेल.

रात्री आठपर्यंत थांबतोस म्हणून तुझं कौतुक व्हायला हवं होतं का? तिथं कायदा आहे. दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि तरीही सहा महिन्यांची सरासरी आठवर यायला हवी. काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी सुरू होईपर्यंत अकरा तास विश्रांती. तू साडेआठला येतोस आणि आठला जातोस, मधला जेवणाचा पाऊण तास काढला तरी दहाच्या वर झाले. जाब विचारला गेला तर कंपनीला आणि तुझ्या टीम लीडला उत्तर द्यावं लागेल, तुला नाही. आणि तिच्या मनात प्रश्न येणार तो वेगळाच: याला दिलेल्या वेळात काम का उरकत नाही? साहेब गेल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, ही आपल्याकडची शिस्त तिथं ढिसाळपणात मोजली जाते. सगळ्यांबरोबर ऊठ, ‘श्योनन फायराबेंट’ म्हण आणि घरी जा. रविवारी कुणाला कामाची ईमेल पाठवू नकोस, पाठवली आहेस हे मला माहीत आहे.

बरं, आता माणसं थंड आहेत या मुद्द्याकडं. हा मुद्दा मी सर्वांत जास्त रागानं वाचला, कारण त्यात तुझी काही चूक आहे असं तुझ्या डोक्यातच आलेलं नाही.

तू सकाळी ऑफिसात शिरलास की काय करतोस? कानांत ते यंत्र खुपसून सरळ टेबलाशी जातोस. मी विचारलं तेव्हा तूच म्हणालास, ‘कुणाला डिस्टर्ब कशाला?’ तिथं दारातून आत आल्यावर खोलीत जे असतील त्यांना ‘मोर्गन’ म्हणतात. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला तरी आत शिरताना ‘हालो’ आणि उतरताना ‘च्यूस’. सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत जिन्यात, बोळात, पार प्रसाधनगृहाच्या दाराशी जरी कुणी भेटलं तरी ‘माल्टसाइट’ म्हणतात आणि तू उलट ‘माल्टसाइट’ म्हणायचं असतं. शुक्रवारी निघताना शनिवार-रविवार बरा जावो म्हणतात. दिवसभरात ही एवढीशीच देवाणघेवाण असते, पण ती चुकवणारा माणूस त्यांना उद्धट वाटतो. कामाच्या बैठकीत कुणी घरच्या गप्पा मारत नाही म्हणून तू त्यांना थंड ठरवलंस, आणि तिकडं त्यांनी तुला तुसडा ठरवून टाकलं असेल.

गप्पा होतात. कॉफी मशीनशी होतात, आणि सोमवारी सकाळी हमखास होतात. ‘शनिवार-रविवार कसा गेला?’ असं तुला विचारलं होतं ना? तू म्हणालास, ‘गुड. नथिंग स्पेशल.’ आणि मला लिहितोस, संभाषण तिथंच संपलं. संपणारच! समोरच्यानं धरायचं काय? त्याला एक काहीतरी दे. ‘बाट उराखच्या धबधब्याला गेलो होतो, बूट साधे होते, पार घसरलो.’ बघ मग. एक म्हणेल त्याहून चांगली वाट दुसऱ्या बाजूनं आहे, दुसरा म्हणेल ट्रेकिंगचे बूट अमुक दुकानात घे, तिसरी विचारेल भारतात डोंगर आहेत का. तू सिंहगड पायथ्यापासून चढणारा मुलगा, त्यावर दहा मिनिटं बोलू शकतोस. सुट्टीत कुठं जाणार हा विषय तर कधीच वाया जात नाही, वर्षाची सुट्टी ते लोक महिनोन्महिने आधी ठरवतात. हवा, सायकल, बागेतली भाजी, उशिरा धावणारी रेल्वे, यातलं काहीही घे. रेल्वेला नावं ठेवण्यात तुला सगळं ऑफिस मनापासून साथ देईल.

आणि त्यांनी विचारलं म्हणजे उत्तर खरं अपेक्षित असतं, हेही लक्षात ठेव. ‘कसं चाललंय?’ हे अमेरिकेसारखं जाता जाता टाकलेलं वाक्य नसतं. सर्दी झाली असेल तर सर्दी झालीय म्हण. तूही विचारलंस तर थांबून उत्तर ऐकायचं, चालता चालता नाही.

काय विचारायचं नाही ते मात्र कान उघडे ठेवून ऐक, कारण आपल्याकडची आपुलकी तिथं चौकशी ठरते. पगार किती, लग्न का नाही केलं, मूल कधी, घराचं भाडं किती, धर्म कुठला, हे सगळं बंद. तुझ्या एक सहकारी बाई दोन आठवड्यांच्या आजारपणानंतर आल्या आणि तू विचारलंस, ‘काय झालं होतं?’ तू काळजीनं विचारलंस, मला माहीत आहे. पण तिथं आजारपणाचा दाखला मालकाला मिळतो त्यातसुद्धा कसला आजार ते लिहिलेलं नसतं. 2023 पासून तो कागद सरळ विमा कंपनीकडून संगणकावर येतो, त्यातही फक्त तारखा असतात. जे मालकाला विचारता येत नाही ते तू चारचौघांत विचारलंस. ‘आलात, बरं वाटलं’ एवढंच म्हणायचं. सांगायचं असेल तर त्या सांगतील. तू आजारी पडलास तर पहिल्याच दिवशी, काम सुरू व्हायच्या आत कळवायचं, आणि तीन दिवसांच्या वर गेलं की डॉक्टरचा दाखला लागतोच. कंपनी तो आधीही मागू शकते, करारात बघ. पण ताप किती आणि जुलाब किती वेळा, ते ईमेलमध्ये लिहायचं नाही.

आता वाढदिवस. हे वाचून तर मी कपाळाला हात लावला. केक कुणी आणला नाही म्हणून रडतोस? तिथं ज्याचा वाढदिवस, त्यानं केक न्यायचा असतो! सकाळी केक स्वयंपाकघरात ठेवायचा, सगळ्यांना एका ओळीची ईमेल करायची, दहा वाजता केक आहे, या. मग माणसं येतात, हात हातात घेऊन शुभेच्छा देतात, दहा-पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या गप्पा होतात. तेव्हाच तुला कळतं कुणाला दोन मुली आहेत आणि कुणी कोकणाएवढ्या अंतरावरून रोज गाडीनं येतं. तू वाट बघत बसलास आणि ते बिचारे समजले असतील, याला वाढदिवस करायचा नाहीये. आणि हो, कुणालाही आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, तो अपशकुन मानतात. एवढे विज्ञानवादी, पण हे पाळतात.

तसंच नव्यानं रुजू झालेल्यानं काहीतरी खाऊ घालायचं असतं. तीन महिने झाले तुला, अजून काही नेलेलं दिसत नाही. उशीर झालाय, पण चालेल. लोणी लावलेले ब्रेत्सेल सगळ्यांना पुरतील एवढे बेकरीत आदल्या दिवशी सांगून ठेव. घरून आईनं पाठवलेल्या चकल्या सोबत ठेवल्यास तर चकलीवरून अर्धा तास बोलणं होईल, पण कशाकशाची आहे ते चिठ्ठीवर लिहून ठेव. कुणाला दाणे चालत नसतात, कुणी मांसाहार सोडलेला असतो, विचारत बसायला त्यांना संकोच वाटतो.

आणि ती कॉफी! तूच लिहिलंस की मशीनशेजारी नावांचा कागद टांगलाय आणि ‘बहुतेक कसलातरी सर्व्हे आहे’. अरे देवा! तो हिशेब आहे. कॉफीच्या बिया, दूध हे लोक आपापसांत वर्गणी काढून आणतात. एक कप घेतला की आपल्या नावापुढं एक रेघ मारायची आणि महिनाअखेर रेघा मोजून पैसे डब्यात टाकायचे. तू तीन महिने फुकट कॉफी पितोयस आणि तुझ्या नावापुढं एकही रेघ नाही, हे त्या मजल्यावरच्या प्रत्येकानं पाहिलंय. तुला कुणी म्हणणार नाही. कामातली चूक तोंडावर सांगणारी ही माणसं असल्या बाबतीत फार संकोची असतात. उद्या जा, तो कागद कोण सांभाळतं ते विचार, अंदाजानं तीन महिन्यांचे पैसे दे आणि तुझं नाव त्यात लिहून घे. नंतर वापरलेला कप धुण्याच्या यंत्रात ठेव, वर ओट्यावर नाही.

जेवायला तुम्ही चौघं भारतीय एका टेबलाशी बसता, हिंदीत बोलता आणि मोठ्यानं हसता. शेजारच्या टेबलाला वाटतं आपल्यालाच हसतायत. रोज नको, आठवड्यातून तीन दिवस तरी टीमबरोबर बस. जर्मन बोलताना अडखळशील, अडखळ. त्यांनी इंग्रजीकडं वळवलं तर पुन्हा जर्मनमध्ये ये.

हाक कशी मारायची याचा घोळ तू अजून घालतोस. टीम लीड स्वतःहून ‘डू’ म्हणाली म्हणजे तिला ‘डू’ आणि पहिलं नाव. तिला ‘मॅडम’ म्हणू नकोस, आणि एकदा एकेरीवर आल्यावर उगाच मान द्यायला पुन्हा ‘झी’वर जाऊ नकोस, तो दुरावा वाटतो. विभागप्रमुखांना ‘हेर’ आणि आडनाव, जोवर ते आपणहून एकेरी म्हणत नाहीत तोवर. ते इंग्रजीत पहिल्या नावानं बोलतात म्हणून जर्मनमध्येही एकेरी चालेल असं धरू नकोस. एकेरी करायचा मान मोठ्याचा, तुझा नाही. एवढी गोष्ट तर मराठी माणसाला शिकवावी लागू नये.

एक गोष्ट मी गंभीरपणे लिहिते. कुणी तुझ्या वर्णावरून, उच्चारावरून, देशावरून टोचून बोललं, तुझ्या डब्याच्या वासावरून थट्टा केली, तर ती स्पष्टवक्तेपणाच्या खात्यात घालून गिळू नकोस. ‘हे काम चूक आहे’ आणि ‘तुम्ही लोक असेच’ यातला फरक तुला कळतो. 2006 पासून तिथं भेदभावाविरुद्धचा कायदा आहे, वंशावरून किंवा धर्मावरून छळ झाला तर कंपनीकडं रीतसर तक्रार करायचा हक्क त्यात आहे. भरपाई मागायची तर दोन महिन्यांच्या आत लेखी मागावी लागते, म्हणून त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवायचं. तुमच्या कंपनीत कामगारांनी निवडून दिलेली बेट्रीब्सराट असेल, तिच्याकडं जायचं. पण तुझ्या आख्ख्या पत्रात असं मला एक वाक्यही सापडलं नाही, आणि मी शोधलं.

शेवटी तारखांचं बघ, कारण तू त्याही बघितल्या नसशील. तुझी प्रोबेट्साइट सहा महिन्यांची आहे. तोवर कारण न देता दोन आठवड्यांच्या नोटिशीवर तुला काढता येतं, आणि तुला सोडताही येतं. सहा महिने झाल्यावर, तुझ्या कंपनीएवढ्या मोठ्या ठिकाणी, काढायला कायद्यात बसणारं कारण लागतं. तुझे तीन गेले. म्हणून आता गप्प बसून शेवटच्या आठवड्यात निकाल ऐकायची वाट बघू नकोस. टीम लीडला याच आठवड्यात अर्धा तास माग, आणि कशासाठी ते मागतानाच सांग. तिच्यापुढं गुरुवारचा विषय तूच काढ: सोमवारी मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, पुढं असं झालं तर त्याच दिवशी सांगेन. मग विचार, पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय वेगळं हवंय? ती सांगेल, आणि सरळ सांगेल. तेव्हा ‘हो, पण’ करून खुलासे देत बसू नकोस, वही काढून लिहून घे. संध्याकाळी तिला त्याच मुद्द्यांची छोटी ईमेल कर, चार ओळींच्या वर नको.

आणि ते सगळं जर्मनमध्ये बोल. क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायला विसरशील, वर्गातही विसरायचास. ती समजून घेईल. मी घेणार नाही, तेव्हा आदल्या रात्री सगळं लिहून मला पाठव.

तुझ्या बाई